बॉक्सच्या स्टिकरचा फोटो आला, आता त्यात बघायचं काय?

शिरपूरहून मी नाशकात आलो त्याला चौदा वर्षं झाली. सिडकोत आमच्या गल्लीत दरवर्षी नवीन पोरं राहायला येतात, कोणी अंबडला लागतं, कोणी सातपूरला. दुसरा पगार हातात पडला की गावाहून आणलेला फोन नकोसा होतो. मग एम. जी. रोडवरच्या दुकानातून किंवा कुठल्याशा ऑनलाइन जाहिरातीतून 'रिफर्बिश्ड' फोन बघितला जातो आणि मला व्हॉट्सॲपवर फोटो येतो: "दादा, बॉक्स ओरिजिनल आहे, घेऊ का?" फोटोत बॉक्सच्या खालच्या बाजूचा स्टिकर असतो, आयएमईआय नावाचा फोनचा ओळख नंबर, बारकोड, छापील किंमत, सगळं. एकेकाला वेगळं सांगून दमलो, म्हणून एकदाच लिहितो.

आधी शब्दाचा घोळ. कोणीतरी फोन उघडून तपासला, खराब भाग बदलला, चालवून बघितला आणि आपल्या नावाने लेखी वॉरंटी दिली, तर त्याला रिफर्बिश्ड म्हणावं. नुसता फडक्याने पुसून नवीन कव्हर घातलेला फोन सेकंड हँड असतो. सेकंड हँड घ्यायला माझी काहीच हरकत नाही, फक्त भाव सेकंड हँडचा द्या.

आणि एक गोष्ट नवीन पोरांना उलटी वाटते. रिफर्बिश्ड फोन साध्या पांढऱ्या किंवा खाकी खोक्यात आला, त्यावर विकणाऱ्याचाच स्टिकर असला, तर बिचकू नका. या धंद्यात ते नेहमीचं आहे, कारण जुन्या फोनबरोबर मूळ खोका क्वचितच परत येतो. उलट जुना फोन चकचकीत मूळ खोक्यात, सीलसकट समोर आला की मी जास्त निरखून बघतो. नुसते रिकामे खोके आणि त्यावर चिकटवायचे स्टिकर बाजारात वेगळे मिळतात.

आता मागच्या महिन्यातली गोष्ट. माझा भाचा नुकताच इथे आलाय. त्याला सॅमसंगचा गॅलेक्सी एस २१ हवा होता. विकणाऱ्याने फोटो पाठवला आणि सांगितलं, "भारतातलाच पीस आहे, रिफर्बिश्ड, बॉक्ससकट. पाचशे टोकन टाका, बाजूला ठेवतो." स्टिकरवर मॉडेल SM-G991B/DS, खाली आयएमईआयचे दोन नंबर, कारण फोन दोन सिमचा.

आयएमईआय पंधरा आकडी असतो. पहिले आठ आकडे कंपनी आणि मॉडेल सांगतात, पुढचे सहा त्या एका फोनचे, आणि शेवटचा आकडा आधीच्या चौदांवरून हिशेबाने काढलेला असतो. हा हिशेब कागदावर दोन मिनिटांत होतो. भाच्याच्या फोनचा नंबर इथे टाकत नाही, उदाहरणाला नेहमी वापरतात तो घेऊ: 490154203237518. शेवटचा ८ बाजूला ठेवा. उरलेल्या चौदांतला दुसरा, चौथा, सहावा असा एकाआड एक आकडा दुप्पट करा आणि उत्तर दोन आकडी आलं तर त्या दोघांची बेरीज घ्या. म्हणजे ९ चे १८ आणि १८ चे ९. असे मिळतात ९, २, ८, ०, ४, ५, २, बेरीज ३०. न दुपटलेले ४, ०, ५, २, ३, ३, ५, बेरीज २२. एकूण ५२. पुढची दहाच्या पाढ्यातली संख्या ६०, फरक ८. शेवटचा आकडाही ८, म्हणजे नंबर जुळला.

भाच्याने आपला नंबर असा करून बघितला तर जुळेना. पोरगा लगेच म्हणाला, "मामा, डुप्लिकेट आहे." मी म्हटलं थांब, फोटो मोठा कर. त्याने ३ चा ८ वाचला होता. दुरुस्त केल्यावर जुळलं. म्हणून पहिल्यांदा चुकलं की विकणाऱ्यावर चढू नका. अंधुक फोटोत ३ आणि ८, ६ आणि ० यांची गल्लत होतेच. मात्र फोटो स्वच्छ आहे, तीनदा वाचलं आणि तरी जुळत नाही, तर तो नंबर कोणीतरी मनाने टाकलाय. हिशेब जुळला तरी एवढंच कळतं की नंबर लिहिण्यात चूक नाही. दुसऱ्याच्या खऱ्या फोनचा नंबर उचलून छापला असेल तर तोही बरोबर जुळणार.

त्यापुढे बारकोड. स्टिकरवर नंबरच्या शेजारी ज्या उभ्या रेघा असतात, त्यांत बहुतेक वेळा तोच नंबर भरलेला असतो. फोटो बऱ्यापैकी असला तर कुठल्याही बारकोड ॲपने वाचता येतो. स्टिकर बनवणारे आळशी असतात, आकडे बदलतात आणि रेघा जुन्या फाइलमधल्याच ठेवतात. रेघांतून एक नंबर आणि खाली छापलेला दुसरा असं निघालं, तर पुढे बोलायचं कारण उरत नाही. भाच्याच्या फोटोत दोन्ही सारखे निघाले.

स्टिकरवरचा बाकी मजकूरही वाचून घ्या. भारतात विकण्यासाठी पॅक केलेल्या बॉक्सवर सगळे कर धरून रुपयांत किंमत, बनवल्याचा महिना आणि वर्ष, आणि उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता छापणं कायद्याने बंधनकारक आहे. 'इंडियन पीस' म्हणतोय आणि बॉक्सवर रुपयांत किंमतच नाही, तर तो बॉक्स बाहेर देशातला. भाच्याच्या फोटोत हेही सगळं जागेवर होतं.

मग सरकारी तपासणी. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर आणि ॲपवर ही सोय आहे, पण मला साधा एसएमएस बरा वाटतो. KYM लिहून एक जागा सोडायची, पुढे नंबर, आणि १४४२२ ला पाठवायचं:

```
KYM 490154203237518
```

तुमच्या हातातला नंबर टाका, हा उदाहरणाचा नको. उत्तरात कंपनी, मॉडेल आणि नंबरची स्थिती येते. ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असं काही आलं, तर सरकारच सांगतं घेऊ नका. मॉडेलचं नाव बॉक्सशी जुळतंय का तेही बघा. पण रॅम, स्टोरेज आणि रंग यावर भरवसा ठेवू नका. एकाच मॉडेलचा ६४ जीबीचा फोन १२८ च्या खोक्यात घातला तर या उत्तरातून कळेलच असं नाही, ते फोनच्या सेटिंगमध्येच बघावं लागतं. आणि हे उत्तर आजचं असतं. मूळ मालकाने चोरीची तक्रार पुढच्या आठवड्यात केली तर आज स्वच्छ दिसलेला फोन तेव्हा ब्लॉक होऊ शकतो.

भाच्याच्या नंबरला उत्तर आलं: सॅमसंग, गॅलेक्सी एस २१, काही तक्रार नाही. तो पाचशे रुपये पाठवायलाच निघाला होता. मी म्हटलं, आतापर्यंत आपण बॉक्स तपासला, फोन कुठे बघितलाय? त्या माणसाला सांग, फोनवर *#06# दाब, स्क्रीनवर नंबर आले की फोन बॉक्सच्या स्टिकरशेजारी ठेव, मध्ये आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेव आणि एकच फोटो काढून पाठव. खरा माल असेल तर हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे. हा म्हणाला, "फोन दुसऱ्या शाखेत आहे, तुम्ही या, दाखवतो."

रविवारी आम्ही दोघं गेलो. बॉक्स अगदी फोटोतलाच होता. फोनवर *#06# दाबलं, दोन्ही नंबर वेगळे. सेटिंगमध्ये फोनची माहिती उघडली, मॉडेल SM-G991N. सॅमसंगच्या या मॉडेलमध्ये शेवटचं N म्हणजे कोरियाचा फोन, अमेरिकेचा असेल तर U येतो, आणि आपल्याकडे विकला गेला तो B. म्हणजे स्टिकर खरा, बॉक्स खरा, फक्त दोन्ही कुठल्यातरी तिसऱ्या फोनचे.

काउंटरवरचा शांतपणे म्हणाला, "बोर्ड बदललाय काका, म्हणून नंबर वेगळा दिसतोय." हे उत्तर तुम्हालाही मिळेल, म्हणून नीट समजून घ्या. आयएमईआय मदरबोर्डाबरोबर जातो, त्यामुळे बोर्ड बदलला की *#06# चा नंबर खरंच बदलतो आणि बॉक्सवर जुनाच राहतो. काही फोनच्या पाठीवर किंवा सिमच्या ट्रेवर नंबर कोरलेला असतो. तो बॉक्सशी जुळला आणि स्क्रीनवरचा जुळला नाही, तर बोर्ड बदलल्याची गोष्ट पटण्यासारखी आहे. पण मग तो कोरियाच्या बोर्डाचा, मोठी दुरुस्ती झालेला फोन ठरतो, आणि हे त्याने आम्ही विचारायच्या आधी सांगायला हवं होतं. ट्रेवर आणि पाठीवर काहीच दिसलं नाही. बोर्ड बदलल्याचं बिल मागितलं, तेही नव्हतं. आम्ही उठलो.

आयफोन बघणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. सेटिंगमध्ये General, मग About, तिथे मॉडेल नंबर असतो. त्याचं पहिलं अक्षर M असेल तर फोन मुळात नवीन म्हणून विकलेला, F असेल तर ॲपलनेच रिफर्बिश केलेला, N असेल तर ॲपलने बदलून दिलेला. शेवटी HN/A असेल तर भारतातला. बाहेरच्या दुकानदाराने फोन कितीही दुरुस्त केला तरी M चा F होत नाही. त्यामुळे कोणी 'ॲपल सर्टिफाइड रिफर्बिश्ड' म्हणत असेल आणि अक्षर M असेल, तर त्या शब्दांचे जादा पैसे देऊ नका. याच पानावर नव्या मॉडेलांत बॅटरी, स्क्रीन बदलल्याची नोंदही दिसते.

आणखी एक. स्वतःचा जुना फोन विकताना बॉक्सच्या स्टिकरचा फोटो उघड्या जाहिरातीत टाकू नका. नंबर उचलणाऱ्यांना खरे, जुळणारे नंबर तिथूनच मिळतात. आयएमईआयमध्ये फेरफार करणं साधी गोष्ट नाही, २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. तुमचा नंबर अशा फोनवर निघाला तर पोलिसांच्या खेपा तुम्हीही मारणार.

भाच्याने शेवटी दुसरीकडे, थोड्या कमी किमतीचा फोन घेतला. साध्या खोक्यात, विकणाऱ्याचा स्टिकर, सहा महिन्यांची लेखी वॉरंटी. स्टिकर, *#06# आणि एसएमएसचं उत्तर, तिन्ही जुळले. बिलावर आयएमईआय लिहून मागितला, तर माणसाने घाईत लिहिला. भाच्याने तिथेच काउंटरवर बिलाच्या मागे बेरीज मांडली, शेवटचा आकडा जुळेना. सातव्या जागी २ चा ७ झाला होता. खोडून नीट लिहून घेतला, शेजारी सही-शिक्का घेतला, मग पैसे दिले.