निबंधातला ‘आपण’ नक्की कोण? या चुका टाळा

निबंध तपासताना ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मी फारशा मनावर घेत नाही, त्या सुधारता येतात. डोकं फिरतं ते एकाच परिच्छेदात आपण, तुम्ही, आम्ही आणि ‘लोक’ असे चौघं जण घुसले की. लिहिणाऱ्याला पत्ताही नसतो.

रावेरकडच्या एका विद्यार्थिनीनं केळीवर निबंध लिहिला होता. विषय घरचा, माहिती पक्की. त्यातला हा तुकडा:

“थंडीत लाईट रात्रीच येते. आपण दोन वाजता मोटर चालू करायला जातो. तुम्ही बांधावरून चालता तेव्हा पाय बधिर होतात. घड कापायला आले की व्यापारी येतात आणि आपला भाव सांगतात. आम्ही तोच घेतो. शेतकरी तरी काय करणार?”

मी विचारलं, “रात्री मोटरवर कोण जातं गं?”

“पप्पा.”

“मग यात पप्पा कुठं आहेत?”

ती कागदाकडे बघत राहिली. आपण, तुम्ही, आम्ही, शेतकरी अशी चार सोंगं दिली होती, पण ज्याचे पाय बधिर होतात तो माणूसच निबंधात नव्हता.

‘आपण’मध्ये वाचणारा धरलेला असतो. शहरात बसलेला परीक्षक काही रात्री दोनला मोटर चालू करायला येणार नाही, म्हणून इथं ‘आपण’ खोटा पडतो. ‘आम्ही’ मात्र चालतो, कारण तो वाचणाऱ्याला बाहेर ठेवतो आणि माल खरंच तिच्या घरचा आहे. ‘आपला भाव’ तर सगळ्यात घातक. व्यापाऱ्यांचा स्वतःचा भाव, की आपल्या सगळ्यांचा? व्याकरणानं दोन्ही बसतं. अशा जागी ‘आपला’ खोडायचा आणि गोष्ट सरळ सांगायची. तिनं शेवटी असं केलं:

“थंडीत लाईट रात्रीच येते. पप्पा दोन वाजता मोटर चालू करायला जातात. बांधावरून चालताना त्यांचे पाय बधिर होतात. घड कापायला आले की व्यापारी येतात आणि जाहीर झालेल्या बोर्ड भावापेक्षा कमी भाव सांगतात. आम्ही तोच घेतो, कारण तयार घड झाडावर थांबत नाही.”

‘शेतकरी तरी काय करणार’ तिनं स्वतःच काढलं. घरातून लिहिणारी मुलगी त्या ओळीत एकदम बातमीदार झाली होती.

आता घाईवाल्यांचा आवडता उपाय: सगळीकडे ‘तुम्ही’ खोडून ‘आपण’ लिहायचं. ‘तुम्ही चालता’चं ‘आपण चालता’ होतं, म्हणजे वाचणाऱ्याला आदरानं ‘तुम्ही’च म्हटलंत की! सर्वनाम बदललं तर क्रियापदही बदलावं लागतं, ‘आपण चालतो’. मोबाईलवर एका फटक्यात बदल करणाऱ्यांच्या निबंधात हे हमखास सापडतं.

आपल्याकडे ज्यांच्या घरी अहिराणी आहे त्यांनी इथं जास्त लक्ष द्यावं. मी करस, तू करस, तो करस, तिन्हीकडे क्रियापद एकच, त्यामुळे कान सर्वनामावरच असतो. प्रमाण मराठीत शेपूटही बघावं लागतं: करतो, करतोस, करता, करतात.

म्हणून मी मुलांना पेन्सिलीनं फक्त क्रियापदं अधोरेखित करायला लावतो आणि समासात प्रत्येकासमोर कर्ता लिहायला सांगतो. जातो, चालता, सांगतात, घेतो यांच्यासमोर आपण, तुम्ही, व्यापारी, आम्ही असं समासात उतरलं की घोटाळा आपोआप दिसतो. पद्धत म्हणाल तर एवढीच. वेळखाऊ आहे, पण ज्याला कंटाळा येतो त्याचाच निबंध परत येतो.

ही युक्ती सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात फसते. आम्ही पाणी भरलं, तुम्ही पाणी भरलं, त्यांनी पाणी भरलं. क्रियापद पाण्याच्या मागे गेलं, भरणाऱ्याबद्दल अक्षर बोलत नाही. नुसतं ‘पहाटे पाणी भरलं’ असेल तर कर्ता लिहाच.

बाकीच्या चुका किरकोळ. ‘माणसाने’ अशी सुरुवात केलीत तर त्या परिच्छेदात पुढे ‘त्याने’च ठेवा, मध्येच ‘तुम्ही’ नको. ‘करावे, जपावे, टाळावे’ची रांग लावू नका, कुणी करावे ते कळत नाही. ‘ते म्हणतात’ लिहिताना ‘ते’ कोण हे आधी सांगा.

सर्वनामाचा पुरुष कधी बदलूच नये असं नाही. घरची हकीकत ‘आम्ही’त सांगून झाल्यावर पाण्याच्या प्रश्नावर वाचणाऱ्याशी बोलायचं असेल, तर नवा परिच्छेद घ्या आणि पहिल्याच वाक्यात ‘तुम्ही’ आणा. तो परिच्छेद संपेपर्यंत मग ‘आपण’कडे वळू नका.