बाबांच्या हर्नियाची ॲडमिशन: कार्ड दाखवण्याआधी आणि दाखवल्यानंतर

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

डॉक्टरांनी पुढच्या बुधवारची तारीख दिली म्हणालात. ऑपरेशनबद्दल डॉक्टरांशी माझं बोलणं झालं आहे, त्याची काळजी नाही. मला काळजी आहे ती काउंटरची. परवा फोनवर बाबा म्हणाले, ‘कार्ड आहे ना, दाखवलं की झालं.’ तसं होत नाही, म्हणून सगळं एकदा लिहून काढतो. आई, हे पत्र छापून फाइलमध्ये सगळ्यात वर ठेव.

कार्डावर पैसे नसतात. हे एटीएम कार्ड नाही. तुम्ही कोण आणि तुमची पॉलिसी कुठली, एवढंच ते सांगतं. पैसे मिळतात ते हॉस्पिटलने विमा कंपनीकडे पाठवलेल्या अर्जावर. त्याला तिथे ‘प्री-ऑथ’ म्हणतात. मधे टीपीए, म्हणजे कंपनीच्या वतीने दाव्यांचं काम बघणारी संस्था, असेल तर हा अर्ज त्यांच्याकडे जातो. म्हणजे कार्ड ही नुसती सुरुवात, काम होतं ते अर्जावर.

आधी आजच करायचं काम. फाइलमधलं कार्ड बहुधा गेल्या वर्षीचं आहे. नूतनीकरणानंतरचं नवीन मी मेलवर पाठवलं आहे, त्याची प्रिंट काढा. बाबांचा आणि आईचा मेंबर नंबर वेगवेगळा आहे, तेव्हा बाबांचंच कार्ड न्या. त्यावरचं नाव आधारवरच्या नावाशी अक्षर अक्षर जुळतंय का ते बघा. फरक दिसला तर आजच सांगा, ऐन ॲडमिशनच्या दिवशी तो निस्तरत बसायला नको. आणखी एक, आणि हा घोळ माझ्यामुळेच झालेला आहे. पॉलिसीवर माझा जुना भारतातला नंबर होता, जो आता बंद आहे. मंजुरीचे सगळे मेसेज त्याच नंबरावर जात राहिले असते. तो बदलून मी आईचा नंबर टाकला आहे. त्यामुळे आई, तुझा फोन चार्ज करून जवळच ठेव, आणि अनोळखी नंबर दिसला तरी ते तीन दिवस उचल. मात्र फोनवर कोणी ओटीपी किंवा बँकेचे तपशील मागितले तर देऊ नकोस.

सोबत बाबांचं आधार आणि पॅन, आईचं आधार, दोन फोटो, पहिल्या तपासणीपासूनची सगळी कागदपत्रं आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट घ्या. मूळ प्रती फाइलमध्येच राहू देत. हॉस्पिटलला झेरॉक्स द्यायच्या.

आता प्री-ऑथ. ऑपरेशन ठरवून करायचं असलं की हा अर्ज दोन-तीन दिवस आधी पाठवता येतो. म्हणून सोमवारी हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर जाऊन या. हॉस्पिटल आपल्या कंपनीच्या नेटवर्कमध्ये आहे हे मी वेबसाइटवर पाहिलं आहे, तरी डेस्कवर तोंडी विचारून घ्या. फॉर्मचा एक भाग बाबा भरतील, दुसरा डॉक्टर: निदान काय, शस्त्रक्रिया कोणती, किती दिवस राहावं लागेल, अंदाजे खर्च किती. सही करण्याआधी डॉक्टरांचा भाग वाचा, कारण सगळ्यात जास्त अडचण तिथेच होते.

बाबा, हे खास तुमच्यासाठी. ‘हा त्रास कधीपासून आहे?’ असं विचारलं की तुम्ही ‘अहो, खूप वर्षांपासून’ असं सहज बोलून जाता. डॉक्टर ते तसंच लिहितात. मग कंपनी विचारते, खूप वर्षं म्हणजे पॉलिसीच्या आधीपासून का? खोटं बोला असं मी अजिबात म्हणत नाही. नेमकं सांगा. गाठ तुम्हाला पहिल्यांदा गेल्या नोव्हेंबरात जाणवली, डॉक्टरांना जानेवारीत दाखवली, आणि त्याचा कागद आपल्याकडे आहे. बीपी आठ वर्षांपासून आहे आणि ते पॉलिसी घेताना आपण कळवलं आहे. हेच सगळीकडे सांगा: ॲडमिशनच्या कागदावर, भूलतज्ज्ञांना, रात्रीच्या ड्यूटीवरच्या डॉक्टरांना. दोन कागदांवर दोन वेगळी वर्षं दिसली की कंपनीकडून ‘क्वेरी’ येते आणि मंजुरी अडकून बसते. हर्नियासाठी आपल्या पॉलिसीत 24 महिन्यांचा प्रतीक्षाकाळ होता, म्हणजे तोवर त्याचा खर्च मिळत नव्हता. चौथं वर्ष चालू आहे, त्यामुळे तो केव्हाच संपला.

यानंतरचा मुद्दा खोलीचा, आणि तो मी लांबलचक लिहिणार आहे, कारण आपल्या खिशातून किती जाणार हे खोलीवर ठरतं. आपला विमा 5 लाखांचा आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा त्याच्या 1 टक्का, म्हणजे दिवसाला 5,000 रुपये. यात नर्सिंगचा खर्चही धरलेला आहे. तेव्हा डेस्कवर ‘रूमचं भाडं किती?’ असं विचारू नका. ‘भाडं आणि नर्सिंग मिळून दिवसाचे किती?’ असं विचारा. 4,500 ची म्हणून घेतलेली खोली नर्सिंग धरून 5,500 ची निघते आणि बिल येईपर्यंत ते कुणाच्या लक्षात येत नाही.

मर्यादेच्या वरची खोली घेतली तर फक्त वरचा फरक भरावा लागतो असं सगळ्यांना वाटतं, मलाही तसंच वाटायचं. प्रत्यक्षात बहुतेक हॉस्पिटलांत सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांच्या व्हिजिट हे सगळं खोलीच्या दर्जाप्रमाणे बदलतं. म्हणून कंपनी या खर्चांनाही त्याच प्रमाणात कात्री लावते. औषधं, तपासण्या आणि आत बसवायची जाळी यांना ही कात्री लागत नाही. समजण्यापुरते आकडे घेऊ. समजा बाबा तीन दिवस 8,000 च्या खोलीत राहिले. खोलीचे झाले 24,000. सर्जन, थिएटर वगैरेचे 80,000. औषधं, जाळी, तपासण्या 60,000, त्यातल्या 6,000 च्या वस्तू विम्यात बसत नाहीत असं धरू. एकूण बिल 1,64,000. आता 5,000 भागिले 8,000 म्हणजे साडेबासष्ट टक्के. खोलीचे 15,000 मिळतील, सर्जन-थिएटरचे 80,000 पैकी 50,000, आणि औषधांचे 54,000. मिळाले 1,19,000, आपल्या खिशातून 45,000. तेच 5,000 च्या खोलीत बाकीचा खर्च तेवढाच धरला, तरी 1,55,000 पैकी 1,49,000 मिळतात आणि आपले 6,000 जातात. खोलीचा फरक फक्त 9,000 होता, आपला भुर्दंड 39,000 ने वाढला.

म्हणून ॲडमिशनच्या वेळी ‘तुमच्या दर्जाची खोली रिकामी नाही, वरची घ्या’ असं सांगितलं तर लगेच हो म्हणू नका. कंपनी ही अडचण ऐकून घेईलच असं नाही. हे ऑपरेशन तातडीचं नाही, तारीख दोन दिवस पुढे गेली तरी चालेल, असं डॉक्टरांनीच मला सांगितलं आहे. बाबा, तुम्हाला भिडेपोटी हो म्हणायची सवय आहे, म्हणून डेस्कवर आईनेच बोलावं.

अर्ज पूर्ण मिळाल्यावर कंपनीने एका तासात उत्तर द्यायचं असा विमा नियामक आयआरडीएआयचा मे 2024 चा नियम आहे. पहिली मंजुरी बहुधा कमी रकमेची येते. डॉक्टरांचा अंदाज दीड लाखाचा आणि पत्रात साठ हजार दिसले तर घाबरून जाऊ नका. शेवटच्या बिलाबरोबर हॉस्पिटल वाढीव रक्कम मागतं. तोवर हॉस्पिटल अनामत मागेल. वीस हजार बाजूला काढून ठेवा, पावती घ्या, आणि मंजुरी आल्यावर ती परत मिळणार का हे त्याच वेळी विचारा.

कॅशलेस नाकारलं गेलं, तर त्याचा अर्थ दावा फेटाळला असा होत नाही. पुष्कळदा कागद अपुरे असतात म्हणून नाकारतात. तेव्हा नाकारण्याचं कारण लेखी घ्या आणि मला फोटो पाठवा. अगदीच नाही जमलं तर आपण पैसे भरू आणि नंतर कंपनीकडे मागू. पॉलिसी बाबांच्या नावावर आहे, म्हणून पैसे त्यांच्याच खात्यावर येतील. त्या खात्याचा एक रद्द केलेला चेक फाइलमध्ये ठेवा.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर सकाळीच ‘आज जा’ म्हणतील आणि तुम्ही कपडे बदलून बसाल. त्यानंतर बिल कंपनीकडे जातं. शेवटच्या मंजुरीसाठी कंपनीला तीन तासांची मुदत आहे आणि तिच्या उशिरामुळे हॉस्पिटलने जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. पण हे तीन तास हॉस्पिटलने बिल पाठवल्यापासून मोजतात, डॉक्टरांनी सांगितल्यापासून नाही. म्हणून दर तासाला डेस्कवर जाऊन एवढंच विचारा, ‘बिल पाठवलंत का?’ पुष्कळदा ते हॉस्पिटलच्याच फार्मसीच्या हिशेबासाठी अडलेलं असतं.

सही करण्याआधी बिल वाचा. ऑपरेशननंतर पोटाला बांधायचा पट्टा, आईचं जेवण, टॉयलेटचं सामान असल्या गोष्टी आपल्याच खिशातून जातात, त्यावर वाद घालू नका. पण न घेतलेली व्हिजिट किंवा दोनदा लिहिलेली तपासणी दिसली तर विचारा. निघताना डिस्चार्ज समरी, तपशीलवार बिल, पावत्या, सगळे रिपोर्ट आणि जाळीच्या पाकिटावरचा स्टिकर किंवा तिचं बिल घ्या. समरीतही ‘कधीपासून’ची ओळ तपासा. चुकीची असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या, घरी आल्यावर ते फार कठीण होतं.

घरी आल्यावरही फाइल बंद करू नका. ॲडमिशनच्या आधीच्या 30 दिवसांतला आणि डिस्चार्जनंतरच्या 60 दिवसांतला याच आजाराचा खर्च आपल्या पॉलिसीत मिळतो. परवाची सोनोग्राफी त्यात बसते, जानेवारीतली पहिली तपासणी बसत नाही. औषधाच्या प्रत्येक बिलाला त्याची चिठ्ठी टाचून ठेवा, नुसतं बिल चालत नाही.

ऑपरेशनआधीच कधी दुखणं अचानक वाढलं, गाठ आत जाईना किंवा उलट्या सुरू झाल्या, तर यातलं काहीही पाहत बसू नका. सरळ हॉस्पिटल गाठा. कंपनीला 24 तासांच्या आत कळवलं म्हणजे पुरतं, आणि ते मी इथून कळवीन. कार्डाचा आणि आधारचा फोटो माझ्याकडे आहे.

सोमवारी डेस्कवरून निघालात की अर्जाच्या दोन्ही पानांचा फोटो पाठवा. माझ्याकडे तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतील, तरी पाठवा. आणि आई, डॉक्टरांनी ‘कधीपासून’ पुढे काय लिहिलंय, ते मला फोनवर वाचून दाखव.

तुमचा,
मुलगा