बेंबीपासून उजवीकडे सरकलेलं दुखणं: गॅस की अपेंडिक्स?

पोट दुखायला लागलं की घड्याळ बघा आणि दुखणं नेमकं कुठे आहे ते लक्षात ठेवा. गॅसचं दुखणं कळ येऊन जातं, जागा बदलत राहतं आणि वारा सरला किंवा शौचाला झालं की बहुधा हलकं होतं. भूक फारशी मरत नाही.

अपेंडिक्सला सूज येते तेव्हाही सुरुवात बेंबीभोवतीच होते, म्हणून पहिल्या काही तासांत दोन्हींत फरक करणं अवघड जातं. आतड्याच्या नसांना नेमकी जागा सांगता येत नाही, त्यामुळे दुखणं मधोमध आणि बोथट वाटतं. सूज पोटाच्या आतल्या आवरणापर्यंत पोचली की तेच दुखणं उजव्या बाजूला खाली येऊन एका जागी ठाण मांडतं. याला काही तासांपासून साधारण एका दिवसापर्यंत वेळ लागतो.

खरी परीक्षा इथे आहे. रुग्णाला एकाच बोटाने जागा दाखवायला सांगा. गॅसवाला तळहात पोटभर फिरवतो. अपेंडिक्सवाला बहुतेकदा बेंबी आणि उजव्या कमरेच्या हाडाचं टोक यांना जोडणाऱ्या रेषेवर, हाडाकडून एक तृतीयांश अंतरावर बोट ठेवतो. मग त्याला खोकायला सांगा, किंवा चवड्यांवर उभं करून टाचा धपकन टेकवायला लावा. त्याच जागी कळ उठली तर गॅस म्हणून सोडून देऊ नका. पोट वारंवार खोल दाबून मात्र बघू नका. त्याने दुखणं वाढतं, कळत काहीच नाही.

समजा, सोळा वर्षांचा मुलगा. रात्री नऊला बेंबीजवळ दुखू लागलं, जेवण नको झालं, मध्यरात्री एकदा उलटी. सकाळी सातला दुखणं उजवीकडे खाली, अंगात कणकण, चालताना वाकलेला. आधी दुखणं आणि मग उलटी, हा क्रम महत्त्वाचा आहे. याला लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यायचं. वाटेत खायला-प्यायला काही नाही, आणि जुलाबाचं औषध किंवा एनिमा तर मुळीच नाही. पोट साफ झालं की बरं वाटेल, हा सल्ला मला संताप आणतो, कारण सुजलेलं अपेंडिक्स फुटण्याचा धोका त्याने वाढतो.

अचानक आराम पडला म्हणून घरी थांबू नका. अपेंडिक्स फुटल्यावर थोडा वेळ दुखणं कमी होतं, मग सगळं पोट कडक होतं आणि ताप चढतो.

लहान मुलं, वृद्ध आणि गरोदर बायका यांच्यात वरची लक्षणं जुळतीलच असं नाही. अपेंडिक्स मागे वळलेलं असेल तर दुखणं कमरेकडे जाणवतं. बाळंतपणाच्या वयातल्या बाईला पाळी चुकलेली असेल तर तेही आधी सांगा, कारण गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत राहिलेला गर्भही असाच दुखतो आणि तोही तितकाच तातडीचा असतो. मुलग्याचं खालचं पोट दुखत असेल तर वृषणही तपासून घ्या. लाजेने तो ते सांगत नाही.