सिल्लारीच्या शिबिराआधी करायची कामं

मॅडम, नववीच्या ३६ मुलांना डिसेंबरात दोन रात्री पेंचच्या जंगलात सिल्लारीला न्यावं, असा प्रस्ताव आहे. तारीख ठरवताना आधी कॅलेंडरात अमावास्या बघू. पेंचच्या आपल्या, म्हणजे महाराष्ट्राच्या बाजूला २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, आणि चांदणं असलं की अर्धं आभाळ हातचं जातं. तारीख पक्की झाली की वन विभागाची परवानगी, पालकांची संमतीपत्रं आणि मुलींसोबत येणाऱ्या दोन शिक्षिका हे लगेच उरकू.

पहिल्या दिवशी काही कोंबायचं नाही. अंतर साधारण ७० किलोमीटर, सकाळी निघालो तर जेवायला तिथे. दुपारी प्रत्येकाने वीस मिनिटं गप्प बसायचं, कागदाच्या मधोमध स्वतःचा ठिपका काढायचा आणि आवाज जिकडून येईल तिकडे खूण करायची. त्या रात्री मुलं झोपत नाहीत, हा अनुभव आहे. मागच्या एका शिबिरात दुसऱ्याच दिवशी पहाटे सफारी ठेवली होती. निम्मी पोरं जिप्सीत डुलक्या घेत होती. म्हणून यंदा दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतरच सुरुवात आणि सफारी तिसऱ्या दिवशी दुपारी.

दुसऱ्या सकाळचं झाडमोजणीचं काम हेच शिबिराचं खरं पोट. वनरक्षक दाखवतील त्याच जागी, सहा-सहांच्या गटाने दोरीने १० बाय १० मीटरचा चौकोन आखायचा. चारही बाजू बरोबर असूनही तो तिरपा होतो, म्हणून कर्ण मोजायचा: तो १४.१४ मीटर भरला पाहिजे. पायथागोरस इथे कामाला येतो. मग प्रत्येक झाडाचं नाव आणि खोडाचा घेर, शिवाय रोपं किती ते. उंच पोरगा वर मोजतो, बुटका खाली, म्हणून प्रत्येक गटाला १.३ मीटरची एक काठी कापून नेऊ. सागाच्या एका बुंध्यातून तीन खोडं फुटलेली दिसतील, ती एक झाड धरायची की तीन, हे आधीच ठरवू, नाहीतर सहा गटांचे आकडे जुळणार नाहीत. तीन चौकोन गावाकडच्या, गुरं चरतात त्या बाजूला आणि तीन दाट झाडीत. दोन्हीकडच्या रोपांचे आकडे समोर आले की फरक का, हे मुलांनीच विचारायला हवं. आपण आधी सांगायचं नाही. पान तोडायचं नाही, खाली पडलेलंही घरी आणायचं नाही, चित्र काढायचं.

दुपारी झोप, कारण रात्री आकाश. निघायच्या आठवड्यात प्रत्येकाने घरच्या गच्चीवरून मृग नक्षत्राच्या चार पायांमधल्या चौकोनात किती तारे दिसतात ते मोजून ठेवायचं. तोच चौकोन तिथे नऊनंतर पुन्हा मोजायचा. डोळे सरावायला अर्धा तास लागतो, आणि एकाने मोबाईल उघडला की सगळ्यांचा अर्धा तास वाया. म्हणून मोबाईल जमा आणि टॉर्चवर लाल जिलेटीन.

तिसऱ्या दिवशी आठपर्यंत कोणी कोणाला उठवायचं नाही. बाकी सामानात स्वेटर, कानटोपी, बंद बूट, मातकट रंगाचे कपडे. सुका खाऊ खोलीत ठेवू नये, माकडं दार ढकलून येतात.