टर्म ग्रँट होण्यासाठीची तयारी : अजून किती तास बुडवता येतील?

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या विभागाच्या दारावर उपस्थिती कमी असलेल्यांची डिफॉल्टर यादी लागते आणि त्यानंतरचे दोन दिवस विद्यार्थी हजेरीचा कॅटलॉग पाहायला येत राहतात. पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, ‘सर, माझे किती टक्के झाले?’ माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे. आजची टक्केवारी आजपर्यंत काय झाले एवढेच सांगते. टर्म ग्रँट होईल की नाही, म्हणजे परीक्षेला बसता येईल की नाही, हे सत्राच्या शेवटच्या दिवशीच्या टक्केवारीवर ठरते. त्यामुळे अजून किती तास बुडवता येतील याचा हिशेब आजच्या आकड्यापासून नव्हे, तर सत्र संपताना एकूण किती तास झालेले असतील त्या आकड्यापासून सुरू करावा.

त्याआधी आपल्या अभ्यासक्रमाचा नियम माहितीपुस्तिकेत शब्दशः वाचावा. कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांच्या पदवी वर्गांना सर्वसाधारणपणे ७५ टक्के उपस्थिती लागते. परंतु सांगली-मिरजेतच एका खोलीत राहणाऱ्या तीन मैत्रिणींना तीन वेगळे नियम लागू असू शकतात. बी. फार्मसीला ८० टक्के लागतात, विधी अभ्यासक्रमाला ७० टक्के, आणि नर्सिंगला ८० टक्क्यांखेरीज रुग्णालयातील प्रात्यक्षिकांची सगळी भरपाई पदवी मिळण्याआधी करावी लागते. टक्क्यांइतकीच महत्त्वाची बाब म्हणजे ही अट प्रत्येक विषयाला स्वतंत्र आहे की सर्व विषयांच्या सरासरीला, आणि प्रात्यक्षिके वेगळी मोजली जातात की नाही. नियम विषयवार असेल तर गणितात साठवलेली हजेरी रसायनशास्त्राच्या कामाला येत नाही. पुढील उदाहरणात विषयवार ७५ टक्के आणि प्रात्यक्षिके वेगळी, असेच धरले आहे.

नियम कळल्यावर प्रत्येक विषयाचे दोन आकडे कॅटलॉगवरून उतरवून घ्यावेत : आजपर्यंत झालेले तास आणि त्यांपैकी आपली अनुपस्थिती. स्वतःच्या वहीतील नोंदीवर येथे विसंबू नये, कारण उशिरा आल्यामुळे लागलेली गैरहजेरी आपल्या वहीत नसते. आणि चुकीची गैरहजेरी लागली असेल तर ती त्याच आठवड्यात दाखवली तरच शिक्षकाला आठवते. तिसरा आकडा, म्हणजे सत्र संपेपर्यंत होणारे एकूण तास, आपल्यालाच काढावा लागतो. वेळापत्रकाप्रमाणे उरलेले तास मोजावेत, त्यांतून सुट्ट्या, अंतर्गत परीक्षेचे दिवस आणि शेवटच्या आठवड्यात वर्ग होतातच असे नाही म्हणून एखादा तास वजा करावा. जो एकूण आकडा येईल त्याचा चौथा हिस्सा काढून अपूर्णांक सोडून द्यावा. तेवढे तास संपूर्ण सत्रात बुडू शकतात. त्यातून आतापर्यंत बुडालेले वजा केले की शिल्लक मिळते. फार्मसीच्या विद्यार्थ्याने चौथ्याऐवजी पाचवा हिस्सा घ्यावा, एवढाच फरक.

अपूर्णांक सोडण्याबाबत मी थोडा आग्रही आहे. एकूण ५४ तास होणार असतील तर चौथा हिस्सा साडेतेरा येतो, आणि अनेक जण तो चौदा धरतात. चौदा तास बुडाले तर हजेरी ४० लागते आणि टक्केवारी ७४.०७ होते. ती पंच्याहत्तर नाही.

आता प्रत्यक्ष एक हिशेब पाहू. तासगाव तालुक्यातून एसटीने सांगलीला येणारी बी. एस्सी. द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी आकडे घेऊन बसली. ऑक्टोबरच्या आरंभी घरच्या द्राक्षबागेची फळछाटणी होती. छाटणारी टोळी बाहेरची असली तरी छाटलेल्या काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावणे आणि मजुरांवर देखरेख करणे यासाठी वडिलांना तिचे आठ दिवस हवे होते. भौतिकशास्त्राचे ३६ तास झाले होते आणि सात बुडाले होते; रसायनशास्त्राचे ३४ झाले होते आणि नऊ बुडाले होते; गणिताचे ३५ झाले होते आणि चार बुडाले होते. भौतिकशास्त्राची सहा प्रात्यक्षिके झाली होती आणि एक बुडाले होते. उरलेल्या सहा आठवड्यांत प्रत्येक विषयाचे कागदावर २४ तास होते, पण सुट्ट्या आणि चाचणी परीक्षा वजा जाता अठराच धरणे योग्य होते. प्रात्यक्षिके आणखी पाच व्हायची होती.

टक्केवारीने पाहिले तर भौतिकशास्त्रात तिचे ८०.६ टक्के होते आणि रसायनशास्त्रात ७३.५. म्हणजे रसायनशास्त्राच्या डिफॉल्टर यादीत तिचे नाव होते आणि ती घाबरलेली होती. शिल्लक मात्र वेगळे चित्र दाखवते. भौतिकशास्त्राचे एकूण ५४ तास होणार, त्यांत १३ बुडू शकतात, सात बुडाले, म्हणून सहा शिल्लक. रसायनशास्त्राचे एकूण ५२, चौथा हिस्सा १३, नऊ बुडाले, म्हणून चार शिल्लक. गणिताचे एकूण ५३, चौथा हिस्सा सव्वातेरा, तेरा धरायचा, चार बुडाले, म्हणून नऊ शिल्लक. यादीत नाव असूनही रसायनशास्त्राचे चार तास अजून बुडू शकत होते, आणि पुढचे दोन तास सलग बसली तर ३६ पैकी २७ होऊन यादीतून नावही गेले असते. खरी अडचण जिकडे तिचे लक्षच नव्हते तिकडे होती : एकूण ११ प्रात्यक्षिकांचा चौथा हिस्सा पावणेतीन, म्हणजे दोनच बुडू शकतात, आणि त्यांतले एक आधीच गेले होते. प्रात्यक्षिकांची संख्या लहान असते, त्यामुळे एका गैरहजेरीने टक्केवारी नऊ अंकांनी खाली येते. आमच्याकडे दरवर्षी अडकणाऱ्यांमध्ये प्रात्यक्षिकांमुळे अडकलेले विद्यार्थी पुष्कळ असतात.

शिल्लक हाती आल्यावर वेळापत्रक समोर ठेवून वारांची किंमत काढावी. या विद्यार्थिनीला सोमवारी आणि गुरुवारी भौतिक व रसायन, मंगळवारी आणि शनिवारी भौतिक व गणित, बुधवारी आणि शुक्रवारी रसायन व गणित असे तास होते, आणि तिच्या बॅचचे प्रात्यक्षिक बुधवारी होते. म्हणजे बुधवार सर्वांत महाग आणि मंगळवार, शनिवार त्या मानाने स्वस्त. वडिलांचा पहिला बेत एका सोमवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत सलग आठ दिवसांचा होता. त्यात भौतिकचे पाच, रसायनचे पाच, गणिताचे चार तास आणि एक प्रात्यक्षिक गेले असते. रसायनशास्त्राची शिल्लक चारच असल्यामुळे तेथे एकूण १४ तास बुडून ५२ पैकी ३८ हजेरी, म्हणजे ७३ टक्के राहिली असती; प्रात्यक्षिकांची शिल्लकही पूर्ण संपली असती.

त्याऐवजी दोन लागोपाठच्या आठवड्यांतले मंगळवार, शुक्रवार, शनिवार आणि जोडून येणारे दोन रविवार घेतले तर बागेला आठच दिवस मिळतात, पण बुडतात ते भौतिकचे चार, रसायनचे दोन आणि गणिताचे सहा तास, आणि प्रात्यक्षिक एकही नाही. शुक्रवार ते रविवार सलग मिळत असल्याने एका आठवड्यात एक प्लॉट छाटून पेस्टही लावून होते, असे तिच्या वडिलांनीच सांगितले. शेवटी भौतिकचे दोन, रसायनचे दोन, गणिताचे तीन तास आणि एक प्रात्यक्षिक आजारपणासाठी हाती राहिले. एवढी राखीव शिल्लक न ठेवता बेत आखू नये, कारण पावसाळा सरतानाच्या तापाला वेळापत्रक कळत नाही.

पुढची तयारी कागदपत्रांची. क्रीडास्पर्धा, एन. सी. सी. किंवा राष्ट्रीय सेवा योजनेच्या कामासाठी महाविद्यालयाने पाठवले असेल तर त्या दिवसांची हजेरी बहुधा धरली जाते, परंतु संबंधित प्रमुखांचे पत्र प्रत्येक विषयाच्या शिक्षकापर्यंत पोचावे लागते; कार्यालयात दिलेले पत्र आपोआप कॅटलॉगात उतरत नाही. वैद्यकीय दाखल्याविषयी मोठा गैरसमज आहे. दाखल्याने गैरहजेरीची हजेरी होत नाही. कमी पडलेले टक्के माफ करण्याची विनंती करताना तो आधार म्हणून लागतो, आणि त्या माफीला खालची मर्यादा असते. विधी अभ्यासक्रमात, उदाहरणार्थ, अपवादात्मक कारण असेल तर विषयात ६५ टक्क्यांवर विचार होऊ शकतो, पण तेव्हाही सर्व विषयांची मिळून ७० टक्के उपस्थिती लागते. म्हणून दाखला शिल्लकीत जमा धरू नये, आणि बरे होऊन परतल्यावर त्याच आठवड्यात द्यावा. नोव्हेंबरमध्ये आणलेला ऑगस्टचा दाखला पाहून समितीच्या भुवया उंचावतात, हे मी त्या टेबलाच्या पलीकडे बसून पाहिले आहे.

कृष्णेला पूर येतो त्या दिवसांची नोंद आपल्या भागात वेगळी ठेवावी लागते. जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी जाहीर केली आणि महाविद्यालय बंद राहिले तर तास झालाच नाही. तो झालेल्या तासांतही नसतो आणि बुडालेल्यांतही नसतो. परंतु सांगलीत वर्ग सुरू आहेत आणि आपल्या गावची एसटी पाण्यामुळे निघाली नाही, अशा दिवशी कॅटलॉगात गैरहजेरीच लागते. या विद्यार्थिनीच्या भौतिकशास्त्रातील सात गैरहजेरींपैकी तीन अशाच होत्या. अशा वेळी बस बंद असल्याचे आगाराचे किंवा ग्रामपंचायतीचे पत्र तेव्हाच घेऊन अर्ज द्यावा. तो मंजूर होईपर्यंत मात्र हिशेबात ते तास बुडालेलेच धरावेत.

वर्ग रद्द झाले की शिल्लकही बदलते, आणि ती नेहमी आपल्याला सोयीच्या दिशेने बदलत नाही. तास झाला नाही म्हणजे आपले काही गेले नाही असे वाटते, पण एकूण आकडा कमी झाला की त्याचा चौथा हिस्साही कमी होतो. भौतिकशास्त्राचे ५४ ऐवजी ५२ तास झाले तरी तेराच बुडू शकतात; ५१ झाले की मर्यादा बारावर येते आणि शिल्लकीतला एक तास घरी बसल्या जातो. जादा तास घेतले गेले तर उलट होते, मात्र त्या जादा तासांना आपण हजर राहिलो तरच. म्हणून दर शनिवारी झालेले तास पुन्हा उतरवून शिल्लक नव्याने काढावी. या विद्यार्थिनीने वहीच्या मागच्या पानावर चार ओळी आखल्या आहेत, तीन विषयांच्या आणि एक प्रात्यक्षिकांची. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी रसायनशास्त्राच्या ओळीत दोनवर काट मारून तिने एक लिहिले, कारण त्या आठवड्यात शिक्षक रजेवर असल्याने एक तास झाला नव्हता आणि एकूण ५२ चे ५१ झाले होते.