पेपर लिहिताना पुराचा उ ऱ्हस्व की दीर्घ?

मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका अभ्यासिकेत बसायचो, तिथं शेजारच्या टेबलावरची एक पोरगी वर्णनात्मक पेपरची तयारी करत होती. एकदा वही पुढं सरकवून म्हणाली, दादा जरा बघा की, मार्क का कटतात कळत नाही. विषय 2019 चा पंचगंगेचा महापूर, माहिती सगळी बरोबर होती, पण चार ओळी जशाच्या तशा देतो:

'महापूराचे पाणी नदिकाठच्या गावात शिरले. ज्यामूळे शिरोळ तालुक्यातील अनेक कुटुंबांचे स्थलांतर. लोक छतावर उभारले होते. प्रशासनाने छावण्या सुरू केले.'

मी पेन घेतलं आणि आधी शुद्धलेखन बघितलंच नाही, प्रत्येक वाक्याचं शेवटचं क्रियापद तेवढं शोधलं. दुसऱ्या वाक्यात ते नाहीच! 'ज्यामुळे'नं सुरू झालेलं वाक्य आधीच्या वाक्याला टेकून उभं असतं, त्यात मधे पूर्णविराम टाकला आणि शेवटी 'झाले' पण गाळलं, म्हणजे दोन्हीकडून लंगडं. तिथं 'त्यामुळे अनेक कुटुंबांना स्थलांतर करावे लागले' लिहा, विषय संपला. घाईत लिहिताना हेडिंगसारखी वाक्यं पडतात, म्हणून ही तपासणी शेवटच्या वाक्यापासून उलटी वर करायची, मजकुराच्या ओघात चूक दिसतच नाही.

मग 'छावण्या सुरू केले'. कर्त्याला 'ने' लागलाय, तेव्हा क्रियापद कर्माच्या मागं जातं, छावण्या केल्या. पण 'प्रशासनाने लोकांना हलवले' हे बरोबर आहे, कारण कर्मालाही 'ना' लागला की क्रियापद कुणाचंच ऐकत नाही.

'उभारले'वर ती भांडायलाच उठली, आमच्यात तसंच म्हणतात! आम्हीपण म्हणतो की, पण पेपरात इमारत उभारतात, माणसं उभी असतात.

आता राहिला पूर. शेवटचं अक्षर अकारान्त असलं की त्याच्या आधीचा ऊ दीर्घ, म्हणून महापूर. प्रत्यय लागून शब्द लांबला की तो ऱ्हस्व होतो, म्हणून महापुराचे. गरीब-गरिबाला, वकील-वकिलाने तसंच. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र बदलत नाहीत, शरीर-शरीराला. नदीचं वेगळं, तिथं ई शेवटीच आहे, ती नदीला, नदीकाठी सगळीकडं दीर्घच राहते. आणि 'मूळ' दीर्घ असला तरी 'ज्यामुळे' ऱ्हस्व.

पुढच्या आठवड्यात तिनं सगळं सुधारून आणलं आणि त्यात नवीनच चूक, 'पुरग्रस्तांना'. मी म्हटलं अगं इथं पूरला प्रत्यय कुठं लागलाय, 'ना' तर ग्रस्तला लागलाय, पूर आपला जागेवर दीर्घच. 'मग पुरामुळं पूरग्रस्त झाले?' म्हणाली. होय म्हटलं, फक्त तेवढं 'पुरामुळं' पेपरात 'पुरामुळे' कर.