एफएफआरचा आकडा चुकतो कुठे? स्टेंटचा निर्णय घेण्यापूर्वी या चुका टाळा

इतवारीत धान्याचे दुकान चालवणारे 61 वर्षांचे एक गृहस्थ नागपूरच्या एका रुग्णालयात अँजिओग्राफीसाठी दाखल झाले होते. जिना चढताना छातीत दडपण येणे एवढीच त्यांची तक्रार होती. हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या एलएडी या धमनीच्या मधल्या भागात सुमारे 60 टक्के अरुंदपणा दिसला. धमनीत दाब मोजणारी प्रेशर वायर घालून एफएफआर, म्हणजे अरुंद जागेमुळे रक्तप्रवाह किती घटतो हे सांगणारे दाबाचे प्रमाण, मोजला तेव्हा पडद्यावर 0.84 हा आकडा आला. ठरलेली रेषा 0.80 आणि आकडा तिच्या वर, त्यामुळे याचा अर्थ सरळ होता: स्टेंटची गरज नाही, औषधे पुरेत. तो अर्थ चुकीचा होता. कॅथ लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून काम करताना मी हा आकडा अनेकदा फिरलेला पाहिला आहे, आणि बहुतेक वेळा कारण रुग्णाच्या धमनीत नसून आपल्या मोजणीत होते.

आधी आकडा काय सांगतो ते पाहू. अरुंद जागेच्या अलीकडचा, म्हणजे महाधमनीतला दाब Pa म्हणून मोजला जातो आणि पलीकडचा Pd म्हणून. ॲडिनोसिन देऊन हृदयाच्या स्नायूंतील बारीक रक्तवाहिन्या पूर्ण उघडल्या की त्यांचा अडथळा किमान आणि स्थिर होतो, आणि मग दाबाचे प्रमाण हेच रक्तप्रवाहाचे प्रमाण मानता येते.

```
FFR = Pd / Pa   (कमाल प्रवाहाच्या वेळी)
```

निरोगी धमनीत हे प्रमाण 1 असते. 0.78 आले तर त्या स्नायूला, अडथळा नसता तर मिळाला असता त्याच्या जास्तीत जास्त 78 टक्के प्रवाहच मिळू शकतो. डोळ्यांनी केलेला टक्केवारीचा अंदाज येथे फसवा ठरतो, कारण तेवढाच अरुंदपणा मोठ्या स्नायूभागाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत असला तर त्यातून जास्त रक्त वाहते आणि दाब अधिक पडतो. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या, 1005 रुग्णांवरील फेम या अभ्यासात, डोळ्यांना 50 ते 70 टक्के वाटलेल्या अडथळ्यांपैकी केवळ 35 टक्के अडथळ्यांचा एफएफआर 0.80 किंवा त्याहून कमी निघाला. म्हणजे नुसत्या चित्रावर निर्णय घेतला असता तर त्या गटात तीनपैकी दोन स्टेंट विनाकारण बसले असते. मोजणी नीट झाली असेल तरच हा फायदा पदरात पडतो.

सकाळचा चहा

ॲडिनोसिन ज्या ग्राहींवर काम करते, तेच ग्राही कॅफीन अडवते. त्यामुळे चहा किंवा कॉफी घेतलेल्या रुग्णात रक्तवाहिन्या पूर्ण उघडत नाहीत, प्रवाह वाढत नाही, दाबही पुरेसा पडत नाही आणि एफएफआर खोटा चांगला दिसतो. तपासणीच्या आधी 24 तास चहा, कॉफी आणि चॉकलेट बंद ठेवावे, तसेच दम्यासाठी थिओफिलिन चालू असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे. दम्याच्या रुग्णाला ॲडिनोसिन द्यावे की नाही हा तर वेगळाच, अधिक गंभीर प्रश्न आहे.

अडचण अशी की ‘उपाशी या’ या सूचनेत चहा येत नाही अशी आपल्याकडे अनेकांची प्रामाणिक समजूत असते. एका रुग्णाला टेबलावर घेतल्यावर मी विचारले, “काकाजी, सकाळपासून काही घेतलं का?” ते म्हणाले, “नाही जी, काहीच नाही. फक्त पाचला कोरा चहा घेतला.” ते खोटे बोलत नव्हते; त्यांच्या लेखी चहा म्हणजे खाणे नव्हे. त्यांचे Pd/Pa विश्रांतीत 0.95 होते आणि ॲडिनोसिन सुरू केल्यावर 0.94. नाडी तेवढीच, रक्तदाब तेवढाच, आणि छातीत काही जाणवते का असे विचारल्यावर ते शांतपणे नाही म्हणाले. औषध शिरेत गेले, पण काम झाले नाही, याची ही खूण आहे. तो 0.94 आकडा डॉक्टरांनी धरलाच नाही. ॲडिनोसिनविना विश्रांतीतच मोजता येणाऱ्या, 0.89 ही रेषा असलेल्या निर्देशांकावर त्यांनी निर्णय घेतला. तेव्हापासून मी ‘उपाशी आहात का’ असे न विचारता ‘कालपासून चहा घेतला का’ असे विचारतो.

औषध कोणत्या शिरेतून जाते

शिरेतून द्यायची ॲडिनोसिनची मात्रा दर किलो वजनामागे मिनिटाला 140 मायक्रोग्रॅम आहे. 70 किलोच्या माणसाला मिनिटाला 9.8 मिलिग्रॅम औषध लागते. 1 मिलिलिटरमध्ये 1 मिलिग्रॅम असे द्रावण केले असेल तर पंपाचा वेग तासाला 588 मिलिलिटर ठेवावा लागतो. हा वेग हाताच्या मागच्या बारीक शिरेतल्या सुईला झेपत नाही, आणि ॲडिनोसिन रक्तात काही सेकंदांतच निष्प्रभ होत असल्यामुळे वाटेत रेंगाळलेले औषध हृदयापर्यंत पोहोचत नाही. म्हणून कोपराच्या घडीतली जाड शीर घ्यावी. रक्तदाब मोजणारा पट्टा त्याच हाताला बांधलेला असेल तर तो फुगतो तेव्हा औषध अडते आणि तेवढ्या वेळापुरता आकडा वर चढतो. ही चूक इतकी साधी आहे की शोधत बसले तरी सापडत नाही.

आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी औषध थेट धमनीत दिले जाते, साधारण उजव्या धमनीत 100 आणि डाव्या धमनीत 200 मायक्रोग्रॅम. ही पद्धत स्वस्त आणि झटपट आहे. मात्र तिचा परिणाम काही सेकंदच टिकतो, त्यामुळे एका धमनीत एकापाठोपाठ दोन अडथळे असतील आणि वायर हळूहळू मागे ओढत कोणत्या जागी किती दाब पडतो ते पाहायचे असेल, तर शिरेतूनच औषध द्यावे. दोन्ही पद्धतींत आधी धमनी सैल करणारे नायट्रोग्लिसरिन धमनीत द्यायला विसरू नये, नाहीतर धमनी आकसल्यामुळे वाढलेला अडथळा आपण अरुंदपणाच्या खात्यावर लिहितो. ॲडिनोसिन सुरू झाल्यावर छातीवर कोणी बसल्यासारखे वाटेल आणि ते थोड्याच वेळात जाईल, हेही रुग्णाला अगोदर सांगून ठेवावे.

गाइडिंग कॅथेटर धमनीच्या तोंडात अडकलेले

Pa हा दाब, वायर ज्या नळीतून आत जाते त्या गाइडिंग कॅथेटरमधून मोजला जातो. कॅथेटर धमनीच्या तोंडात घट्ट बसले तर ते स्वतःच एक अडथळा बनते. प्रवाह वाढू देत नाही, आणि प्रवाह वाढला नाही की खऱ्या अरुंद जागेवरचा दाबही पडत नाही. आकडा पुन्हा खोटा चांगला. हे Pa च्या आलेखावरून ओळखता येते: डायस्टोलचा, म्हणजे हृदय सैल पडते त्या वेळचा, दाब एकदम खाली जातो, उतारावरची छोटी खाच पुसली जाते आणि लाट महाधमनीपेक्षा हृदयाच्या कप्प्यातल्या दाबासारखी दिसू लागते. उपाय म्हणजे कॅथेटर थोडे मागे, महाधमनीत ओढून घेणे. औषध धमनीत दिले असेल तर ते देऊन लगेच. बाजूला छिद्रे असलेले कॅथेटर या कामाला घेऊ नये, कारण औषध त्या छिद्रांतून महाधमनीत गळते आणि दाबाचे वाचनही भरवशाचे राहत नाही.

वायर आत सरकवण्यासाठी वापरलेली सुई काढून कॅथेटरमागची झडप घट्ट करणे हीदेखील याच जातीची गोष्ट आहे. झडप सैल राहिली तर Pa काही मिलिमीटरने कमी दिसतो.

ड्रिफ्ट, आणि इतवारीचे गृहस्थ

त्या दिवशी वरची सगळी काळजी घेतलेली होती. चहा नाही, जाड शीर, आलेख स्वच्छ. Pa 92 आणि Pd 77 मिलिमीटर पारा, म्हणून 0.84. पण मोजणी आकडा दिसल्यावर संपत नाही. वायरचा संवेदक टोकापासून सुमारे 3 सेंटिमीटर मागे असतो. सुरुवातीला तो कॅथेटरच्या तोंडाशी ठेवून दोन्ही दाब सारखे करून घेतात. काम झाल्यावर तो पुन्हा त्याच जागी आणून दोन्ही दाब अजूनही सारखे आहेत का, हे पाहायचे असते. गडबडीत नेमकी हीच पायरी गाळली जाते, आणि माझ्या मते संपूर्ण तपासणीत सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे, कारण तिची खूण शेवटच्या आकड्यात दिसत नाही.

वायर मागे आणली तेव्हा Pa 92 आणि Pd 97 होते. दोन्ही एकाच जागी, तरी Pd 5 ने जास्त. संवेदकाचे वाचन असे आपोआप सरकणे म्हणजेच ड्रिफ्ट. प्रमाण 1.05 आले. 0.97 ते 1.03 एवढा फरक चालवून घेतला जातो. याबाहेर गेला की मोजणी रद्द. वायर धमनीत असताना वायरची मागची जोडणी एकदा सोडून पुन्हा लावली होती आणि तिच्यावर सलाइनचा ओलावा होता, बहुधा तेच कारण असावे. वाढीव 5 वजा केले तर Pd 72 उरतो आणि एफएफआर 0.78 होतो. म्हणजे निर्णय रेषेच्या दुसऱ्या बाजूला जातो. तरीही अशी कागदावरची वजाबाकी करून निर्णय घेऊ नये, कारण वायरचे वाचन नेमके केव्हा सरकले आणि मोजणीच्या क्षणी किती सरकले होते हे कळत नाही.

ड्रिफ्टचा संशय आधीही येऊ शकतो. खरा अरुंदपणा असेल तर Pd च्या लाटेतली खाच पुसट होते आणि दोन रेषांमधले अंतर डायस्टोलमध्ये जास्त रुंदावते, कारण डाव्या धमनीतला बराचसा प्रवाह त्याच वेळी होतो. ड्रिफ्टमध्ये मात्र Pd ची लाट Pa सारखीच दिसते, फक्त संपूर्ण लाट समांतर वर किंवा खाली उचललेली असते.

जोडणी पुसून कोरडी केली, कॅथेटर सलाइनने धुऊन त्यातला कॉन्ट्रास्ट काढला, दोन्ही दाब पुन्हा सारखे केले आणि सर्व मोजणी पहिल्यापासून केली. या वेळी Pa 91, Pd 71, म्हणजे 0.78. वायर मागे आणल्यावर दोन्ही दाब 91. आकडा 0.75 ते 0.80 या करड्या पट्ट्यात होता, तेथे लक्षणे आणि स्नायूचा आवाका पाहावा लागतो. एलएडी मोठी होती, जिन्यावरचा त्रास खरा होता, म्हणून डॉक्टरांनी घरच्यांशी बोलून स्टेंट बसवला. नंतर त्याच वायरने मोजले तेव्हा Pa 90, Pd 82, म्हणजे 0.91 आले, आणि वायर पुन्हा कॅथेटरच्या तोंडाशी आणून पाहिली तेव्हा दोन्ही रेषा एकमेकींवर होत्या.